सर्वेयरचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द नाही

"दादा, गाडीच्या विम्याच्या क्लेममध्ये नुकसान मोजणाऱ्या सर्वेयरने जे लिहिलं तेच फायनल ना? आता काही होत नाही म्हणतात सगळे."

नाही हो, 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानंच म्हटलंय की सर्वेयरचा रिपोर्ट हा अंतिम शब्द नाही. इथे इंदूरला पलासियाजवळ माझी साडेतीन वर्षांची गाडी ठोकली गेली, पार्टच्या वयाचा घसारा न कापणारं झिरो डेप कव्हर नव्हतं, आणि क्लेम फारच कमी आला म्हणून आधी ईमेल करून सर्वे रिपोर्ट मागवला, एकेक ओळ बिलाशी लावून पाहिली. बंपर प्लास्टिकचा, त्याचे घसाऱ्यापोटी 50 टक्के कापले ते बरोबरच, त्यावर भांडण्यात अर्थ नाही. पण बॉनेट पत्र्याचं, 10,000चं, त्यालाही 50 लावलेले! पॉलिसीतल्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या पार्टला 25 आहे, म्हणजे 2,500 जास्त कापले. तेवढीच ओळ, तक्त्याचं पान आणि बिल जोडून कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला लिहिलं, फरक मिळाला.

महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर भोपाळच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, फी लागत नाही. फक्त क्लेम पूर्ण मिटला असं मान्य करणाऱ्या 'फुल अँड फायनल' कागदावर सही करायच्या आधी हरकत लेखी द्या, नंतर फार जड जातं.