छर्ऱ्याच्या सावलीतला ठिपका

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो फिरत होता. गोल काळी सावली आणि तिच्या बरोबर मध्यभागी प्रकाशाचा ठिपका. खाली ओळ होती, ‘धातूच्याही आरपार जाणारी दिव्य ऊर्जा’. फोटो खरा, ओळ खोटी. धातूतून काहीच आरपार गेलेलं नसतं. तो ठिपका कडेला वळसा घालून आलेल्या साध्या प्रकाशाचा असतो. त्याचा हिशोब इतका देखणा आहे की त्याला दिव्य म्हणून गप्प बसणं मला पटत नाही.

नौपाड्यातल्या आमच्या घराचा बोळ चार मीटरचा आहे. रात्री दिवे मालवून मी एका टोकाला लाल लेसर ठेवला. त्याच्यापुढे पाच सेंटिमीटर नाभीय अंतराचं भिंग ठेवलं, म्हणजे प्रकाश आधी एका बारीक बिंदूत गोळा होतो आणि तिथून पसरत जातो. त्या बिंदूपासून दोन मीटरवर काचपट्टीला चिकटवलेला चार मिलिमीटर व्यासाचा पोलादी छर्रा, आणि पुढे दोन मीटरवर पांढरा कागद. कागदावर आठ मिलिमीटरची सावली पडली आणि तिच्या मध्यावर लाल ठिपका दिसला, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. (पाहायचं ते कागदाकडे, लेसरच्या दिशेने डोळा कधीच न्यायचा नाही.)

आता छर्रा क्षणभर विसरा आणि तो होता तिथलं मोकळं प्रतल डोळ्यांपुढे आणा. बिंदूतून निघून या प्रतलातून कागदाच्या मध्यापर्यंत सर्वांत जवळची वाट सरळ आहे. बाजूने गेलं की वाट किंचित लांबते. जिथे ती अर्ध्या तरंगलांबीने लांबते तिथे एक वर्तुळ काढा, आणखी अर्ध्याने लांबते तिथे दुसरं, आणि असंच पुढे. मधली चकती आणि तिच्याभोवतीची कडी हेच, प्रकाशाला लाट मानणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलचे अर्ध-आवर्त झोन. लाल प्रकाशाची तरंगलांबी ०.६५ मायक्रोमीटर धरली, तर माझ्या मांडणीत पहिल्या वर्तुळाची त्रिज्या ०.८१ मिलिमीटर येते, दुसऱ्याची १.१४, तिसऱ्याची १.४०. कडी बारीक होत जातात, पण प्रत्येकाचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं, साधारण दोन चौरस मिलिमीटर.

क्षेत्रफळ सारखं, म्हणून मध्यबिंदूकडे येणारा प्रत्येक झोनचा वाटाही जवळजवळ सारखा. मात्र शेजारच्या दोन झोनच्या लाटा एकमेकींच्या उलट येतात: एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा. बाहेर जाताना तिरकेपणामुळे वाटा अगदी सावकाश घटतो. म्हणून प्रत्येक झोनचा अर्धा भाग आतल्या शेजाऱ्याशी आणि अर्धा बाहेरच्या शेजाऱ्याशी कटतो. पहिल्याला आतला शेजारीच नाही, त्याचा अर्धा उरतो. पूर्ण मोकळ्या प्रकाशात मध्यबिंदूला मिळतं ते एवढंच.

याच प्रतलात छर्ऱ्याऐवजी भोक ठेवलं तर? ०.८१ त्रिज्येच्या भोकातून पहिला झोन अख्खा येतो, तरंगाची उंची दुप्पट आणि उजेड चौपट. भोक १.१४ पर्यंत वाढवलं की दुसरा झोन पहिल्याला मारतो आणि मध्य जवळपास काळा पडतो. भोक मोठं केलं आणि मध्य विझला! म्हणून अनेकांना वाटतं की छर्ऱ्याचंही असंच सम-विषम असणार.

तसं नाही. माझा छर्रा साडेबारा चौरस मिलिमीटर झाकतो, म्हणजे सहा झोन आणि सातव्याचा थोडा भाग. मोजणी छर्ऱ्याच्या कडेपासून नव्याने सुरू करा. पहिल्या मोकळ्या कड्याला आतला शेजारी नाही, म्हणून त्याचा अर्धा उरतो. सहा झाकले काय, सवासहा झाकले काय, उरणारी लाट फक्त पुढेमागे सरकते, उंची जवळपास तीच. म्हणजे ठिपक्याचा मध्य छर्रा नसताना होता जवळजवळ तितकाच उजळ.

हे भाकीत आधी कागदावर झालं, तेही आक्षेप म्हणून. प्रकाश कणांचा मानणाऱ्या फ्रेंच गणिती प्वासाँने फ्रेनेलच्या गणितातून ते काढलं, असा ठिपका अशक्यच म्हणून गणितही चूक. परीक्षक मंडळातल्या आरागोने दोन मिलिमीटरची धातूची चकती मेणाने काचेला चिकटवून पाहिलं, तर ठिपका होता. १८१९ चं फ्रेंच अकादमीचं पारितोषिक फ्रेनेलला मिळालं.

ठिपका बारीक का? मध्यापासून पाव मिलिमीटर सरकलं तरी डाव्या-उजव्या कडेच्या वाटांत अर्ध्या मायक्रोमीटरचा फरक पडतो, आणि कडेभोवतून येणाऱ्या लाटा एकमेकींना मारतात. म्हणून कड खरोखर गोल हवी. सातवं कडं जेमतेम ०.१६ मिलिमीटर रुंद आहे, छर्ऱ्याची कड त्याहून कितीतरी गुळगुळीत असते. एक सेंटिमीटर त्रिज्येच्या नाण्यापुढचं पहिलं मोकळं कडं मात्र ०.०३ मिलिमीटरचं, तिथे कडेची झीज आणि खाचा मध्ये येतात. माझ्या नाण्याचा ठिपका दिसलाच नाही. काचपट्टीवरचा गोंद छर्ऱ्याबाहेर डोकावला तरी ठिपका फिका पडतो.

उन्हात असा ठिपका का दिसत नाही, हेही इथेच कळतं. सूर्य बिंदू नाही, आकाशात अर्धा अंश पसरलेला आहे. छर्ऱ्यापासून दोन मीटरवर त्याच्या वेगवेगळ्या बिंदूंचे ठिपके सुमारे अठरा मिलिमीटरभर एकमेकांवर सांडतात, आणि एकेका बिंदूची सावलीच जेमतेम चार मिलिमीटरची.