प्राथमिक वर्गांतला गृहपाठ: वादविवादाच्या विषयामागचा इतिहास

‘प्राथमिक वर्गांतील गृहपाठ बंद करावा’ हा विषय शालेय वादविवाद स्पर्धेत आला की अनुकूल बाजूच्या संहितेत एक वाक्य हमखास सापडतं: ‘यशपाल समितीने गृहपाठ नको असं सांगितलं होतं.’ मुलं ते ठासून म्हणतात, पण ते अर्धंच असतं.

मूळ प्रश्न दप्तराचा होता. लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याबद्दल भाषण केलं. पुढे १९९२ मध्ये सरकारने शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा १९९३ चा अहवाल म्हणाला की खरं ओझं दप्तराच्या वजनाचं नाही, न समजता पाठ करण्याचं आहे. म्हणून प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये. अपवाद एकच, घरच्या परिसरात शोध घेण्याचा. संहितेतून गळतो तो हा अपवाद. धड्याखालची प्रश्नोत्तरं वहीत उतरवून काढणं समितीला नको होतं. अंगणातल्या झाडांची पानं गोळा करणं, आजीला तिच्या लहानपणीच्या पाण्याच्या सोयीबद्दल विचारणं, हे चालणार होतं. माझ्या मते सगळा वाद इथेच ठरतो, कारण ‘गृहपाठ’ या शब्दाची व्याख्या जी बाजू आधी मांडेल तिच्याकडे सामना झुकतो.

त्यानंतर पंचवीस वर्षं शाळांत फारसं काही हललं नाही. मे २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीला गृहपाठ नको असा आदेश दिला आणि त्याच वर्षी केंद्राने राज्यांना तशा सूचना पाठवल्या. २०२० च्या दप्तर धोरणाने तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास अशी मर्यादा सुचवली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी गृहपाठ बंद करण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा शिक्षकांतूनच विरोधाचा सूर निघाला. घरी शिकवायला कोणी नसलेल्या मुलाचा सराव तुटेल, ही त्यांची काळजी खरी होती. प्रतिकूल बाजूने तिथूनच सुरुवात करावी.

दोन तासांची मर्यादा प्रत्यक्षात कशी मोडते, हे मी चौथीतल्या एका मुलाच्या वहीत पाहिलं. मराठी, इंग्रजी, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येक विषयाचा ‘फक्त पंधरा मिनिटांचा’ अभ्यास. एकट्या विषयाकडे पाहिलं तर कोणाचंच चुकत नाही. पण चारही मिळून रोजचा एक तास होतो आणि सहा दिवसांचे सहा तास, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट. त्या वहीतल्या शेवटच्या दोन ओळींचं अक्षर आईचं होतं.