विषम अंतरांची कालरेषा

उड्डाणाच्या इतिहासाची कालरेषा शाळेच्या प्रकल्पासाठी काढायची आहे आणि तीत पाच घटना घ्यायच्या आहेत, असे समजू: 1783 मधील माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून माणसाचे उड्डाण, 1903 मधील राइट बंधूंचे विमान, 1957 चा स्पुटनिक, 1961 मधील गागारिनची अंतराळफेरी आणि 1969 मधील चंद्रावरचे पाऊल. पहिल्या दोन घटनांमध्ये 120 वर्षांचे अंतर आहे, तर स्पुटनिक आणि गागारिन यांच्यात जेमतेम चार वर्षांचे.

1780 ते 1970 ही 190 वर्षे आडव्या ए-4 कागदावर, दोन्हीकडे 2 सेंटिमीटर समास सोडून उरणाऱ्या 257 मिलिमीटरमध्ये बसवायची आहेत. भागाकार केल्यास वर्षाला साधारण 1.35 मिलिमीटर मिळतात; पण अशा प्रमाणाने मोजताना प्रत्येक खूण अंदाजाने करावी लागते, म्हणून थोडी जागा वाया गेली तरी 1 वर्ष = 1 मिलिमीटर हेच घ्यावे. मग 1783 ची खूण 3, 1903 ची 123, 1957 ची 177, 1961 ची 181 आणि 1969 ची 189 मिलिमीटरवर येते.

अडचण शेवटच्या तीन खुणांची आहे. चार मिलिमीटरमध्ये मजकूर मावत नाही. प्रत्येक नावाला 3 सेंटिमीटर रुंदी द्यायची, तर वर्षाला साडेसात मिलिमीटर लागतील आणि रेषा जवळपास दीड मीटर लांब होईल. अशा वेळी बरेच विद्यार्थी खूणच थोडी सरकवतात, आणि तिथेच प्रमाण मोडते. खूण जागेवरच ठेवून तिच्यापासून तिरकी बारीक रेघ ओढावी आणि मजकूर आळीपाळीने रेषेच्या वर-खाली लिहावा. लांब मोकळा भाग नागमोडी खुणेने तोडण्याची पद्धतही आहे, पण इथे ती मला पटत नाही, कारण 120 वर्षांची ती प्रतीक्षाच या चित्रात दिसायला हवी.

तपशील हवा असेल, तर मुख्य रेषेखाली 1957 च्या आरंभापासून 1970 च्या आरंभापर्यंतची वेगळी पट्टी 1 वर्ष = 1 सेंटिमीटर या प्रमाणाने काढावी, मुख्य रेषेवरील त्या भागाची दोन टोके तिच्या टोकांना तुटक रेघांनी जोडावीत आणि तिचे प्रमाण तिच्याशेजारी लिहावे. या पट्टीवर महिनेही महत्त्वाचे ठरतात: 4 ऑक्टोबर 1957 सुमारे 8 मिलिमीटरवर, 12 एप्रिल 1961 सुमारे 43 वर आणि 20 जुलै 1969 सुमारे 126 वर येतो. मुख्य रेषेवर मात्र हा फरक पेन्सिलीच्या रेघेच्या जाडीतच विरून जातो.

खुणा करताना प्रत्येक अंतर 1780 च्या आरंभबिंदूपासूनच मोजावे. आधीच्या खुणेवरून पुढची मोजत गेल्यास अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या चुका साठत जातात. शेवटी 1783 ते 1903 हे अंतर पट्टीने पुन्हा मोजावे. ते 120 मिलिमीटर भरले नाही, तर या दोनपैकी एक खूण चुकली आहे, आणि ती कोणती हे आरंभबिंदूपासून मोजल्यावर लगेच कळते.