तेलातला 'फ्रुत्तातो' आणि वाइनमधला 'फ्रुत्तातो'

इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या किआंतीच्या टेकड्यांवर द्राक्षाचे मळे आणि ऑलिव्हची झाडं शेजारी शेजारी असतात. तिथले अनेक शेतकरी वाइनही करतात आणि तेलही. दोन्ही बाटल्यांच्या लेबलावर बऱ्याचदा 'फ्रुत्तातो' हा शब्द येतो. 'फ्रुत्ता' म्हणजे फळ, म्हणून मराठीत सरळ 'फळांच्या स्वादाचे' असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. वाइनच्या बाबतीत ते चालून जातं. तेलाच्या बाबतीत मात्र वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

वाइनमधल्या फ्रुत्तातोचा अर्थ असा, की द्राक्षापासून केलेल्या या पेयाला दुसऱ्याच फळांचा वास येतो. किआंतीच्या सांजोवेझे द्राक्षाच्या वाइनमध्ये तो बहुधा चेरीचा असतो. हे वर्णन उत्पादकाचं स्वतःचं असतं. तेलातला फ्रुत्तातो नेमका उलटा. तिथे फळ म्हणजे खुद्द ऑलिव्ह. निरोगी, ताजी फळं वेळेत गाळली की तेलाला त्या फळाचाच वास राहतो, आणि तो वास म्हणजे फ्रुत्तातो. त्यामुळे मराठीत 'ताज्या ऑलिव्हचा गंध' असंच लिहायला हवं. आंबा किंवा पेरू मनात येईल असा शब्द नको.

शिवाय तेलातला हा शब्द कायद्याने बांधलेला आहे. 8 ते 12 प्रशिक्षित चाखणाऱ्यांचं मंडळ रंगीत काचेच्या पेल्यातून, साधारण 28 अंशांपर्यंत कोमट केलेलं तेल हुंगतं आणि चाखतं. काच रंगीत असते ती तेलाच्या रंगावरून मत बनू नये म्हणून. प्रत्येक जण गंधाची तीव्रता 0 ते 10 मध्ये नोंदवतो आणि त्या आकड्यांचा मध्यक काढतात. तो 3 च्या खाली असेल तर गंध सौम्य, 3 ते 6 असेल तर 'मेदियो' म्हणजे मध्यम, आणि 6 च्या वर असेल तर 'इंतेन्सो' म्हणजे तीव्र. दोष शून्य आणि फ्रुत्तातो शून्याच्या वर असेल तरच चवीच्या कसोटीवर तेल 'एक्स्ट्रा व्हर्जिन' ठरतं. म्हणून 'मेदियो'चं भाषांतर 'बेताचा' किंवा 'ठीकठाक' असं करणं चुकीचं, कारण ते मोजमाप आहे.

एक लेबल घेऊ: 'फ्रुत्तातो वेर्दे मेदियो, सेन्तोरी दि कार्चोफो, फिनाले पिकान्ते.' शब्दाला शब्द लावला तर 'मध्यम हिरवा फळयुक्त, आर्टिचोकचे सुगंध, तिखट शेवट' असं काहीतरी होतं. मी असं लिहीन: 'कोवळ्या हिरव्या ऑलिव्हचा मध्यम तीव्रतेचा गंध, त्यात आर्टिचोकची छटा, शेवटी घशाला झोंब.' 'वेर्दे' हा तेलाचा रंग नव्हे, गंधाची जात आहे. पिकल्या फळाच्या गंधाला 'मातूरो' म्हणतात. आर्टिचोक आपल्याकडे फारसं ओळखीचं नाही, तरी त्या जागी दुसरी भाजी घालू नये. हवं तर 'किंचित तुरट, हिरवट' अशी जोड द्यावी. 'पिकान्ते' म्हणजे मिरचीचा तिखटपणा नव्हे, घशात मागे जाणवणारी झोंब. तिला आणि 'आमारो' म्हणजे कडवटपणाला तेलात गुणच मानतात. 'रांचीदो' हा मात्र दोष आहे आणि त्याला आपला 'खवट' हा शब्द अगदी चपखल बसतो. कडू आणि खवट यांची गल्लत झाली, की चांगलं तेल वाईट ठरतं.

'दोल्चे'चीही तीच गत. वाइनवर दोल्चे म्हणजे खरंच गोड: लिटरला किमान 45 ग्रॅम साखर. फेसाळ वाइनचे आकडे वेगळे. तेलात साखर नसतेच. तिथे दोल्चे म्हणजे कडवटपणा आणि झोंब दोन्ही जेमतेम आहेत असं तेल, जसं लिगुरियाचं. त्याला 'गोड तेल' म्हणू नये, 'सौम्य चवीचं' म्हणावं.

प्रदेशाच्या नावांना तर हात लावूच नये. 'क्लासिको' म्हणजे अभिजात किंवा उत्कृष्ट नव्हे, मूळचा जुना पट्टा. किआंती आणि किआंती क्लासिको ही वाइनची दोन वेगळी संरक्षित नावं आहेत, आणि क्लासिकोच्या नावाने तेलही निघतं. तेलाच्या लेबलावर 'तोस्कानो' हे संरक्षित नाव असेल, तर 'टस्कन पद्धतीचे' असं लिहिल्याने त्याची कायदेशीर ओळखच पुसली जाते. युरोपीय नियमांनुसार प्रांताचं नाव तेलाचं मूळ म्हणून फक्त अशा संरक्षित तेलालाच लावता येतं. बाकीच्यांना 'इटली'सारखं देशाचं किंवा 'युरोपीय संघ' असं त्याहून मोठ्या पातळीवरचं मूळच सांगता येतं. म्हणून 'इंबोत्तील्यातो' हा शब्द दिसला की थांबावं. त्याचा अर्थ 'बाटलीत भरलेलं' एवढाच. त्यापुढे फिरेन्झेचा म्हणजे फ्लॉरेन्सचा पत्ता असला, तरी ऑलिव्ह कुठली ते वेगळ्या ओळीत शोधावं लागतं, आणि तिथे कधीकधी 'युरोपीय संघातील तेलांचं मिश्रण' असं छापलेलं असतं. भाषांतरात या दोन ओळी एकत्र करू नयेत.