काठावरचा विद्यार्थी आणि झुकते माप

पेपर तपासताना धडपडणाऱ्या विद्यार्थ्याला एक-दोन गुण जास्त द्यावेत का, हा शिक्षकापुढचा नैतिक पेच. न्याय म्हणतो, सारख्या उत्तराला सारखे गुण. आस्था म्हणते, समोरच्या मुलाची परिस्थिती बघ. दुसऱ्या भूमिकेची तात्त्विक मांडणी करणाऱ्यांत अमेरिकेच्या नेल नॉडिंग्ज प्रमुख आहेत. त्या स्वतः आधी शाळेत गणित शिकवत. त्यांच्या मते आस्था म्हणजे समोरच्याला खरोखर काय हवे आहे तिकडे पूर्ण लक्ष देणे. पेचाची उकल बहुतेक वेळा या 'काय हवे आहे' मध्येच सापडते.

पुण्यातल्या एका शाळेतले नववीचे उदाहरण नमुन्यादाखल घेऊ. बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा, उत्तीर्ण व्हायला 35 टक्के म्हणजे 14 हवेत. मुलगा पहाटे वडिलांबरोबर मार्केट यार्डात माल उतरवतो आणि पहिल्या तासाला पेंगतो, हे सरांना ठाऊक आहे. त्याची बेरीज 12 भरते.

सर पुन्हा पेपर उघडतात. तीन गुणांचे उदाहरण आहे: x + y = 7 आणि 2x − y = 5. मुलाने दोन्ही समीकरणे मिळवून 3x = 12 बरोबर आणले, पण पुढे x = 3 लिहिले आणि त्यावरून y = 4 काढले. खरे उत्तर x = 4, y = 3. सरांनी पहिल्या पायरीचा एक गुण देऊन बाकीवर काट मारली होती. पण y काढायची रीत बरोबर आहे. चूक एकच, भागाकाराची. एका चुकीची शिक्षा दोनदा करायची नाही असे धरले, तर इथे दोन गुण होतात. हा तेरावा गुण मुलाच्या हक्काचा आहे. अट एवढीच, की मग वर्गातले सगळे पेपर काढून हे उदाहरण त्याच नियमाने पुन्हा तपासायला हवे. दया म्हणून सुचलेली गोष्ट सर्वांना लावता आली तर ती न्यायात बसते. एकट्यालाच लावली तर ते झुकते माप.

चौदावा गुण मात्र कुठेच सापडत नाही. उरलेल्या एका प्रश्नात त्याने फक्त दिलेली माहिती उतरवली आहे.

इथे 'एका गुणाने कोणाचे काय जाते?' असा युक्तिवाद होतो, आणि तो पोकळ नाही. उत्तीर्ण होण्याला जागांची मर्यादा नसते, दुसऱ्या कोणाची जागा हिरावली जात नाही. पण त्याच वर्गात मागच्या बाकावरच्या मुलीलाही 12 मिळालेत. तिच्या घरी काय चालले आहे ते सरांना माहीत नाही, कारण ती बोलत नाही. आस्थेची खरी मर्यादा हीच: ती ओळखीच्या दुःखापर्यंतच पोहोचते. म्हणून पेपर नाव झाकून आणि एकेक प्रश्न सर्वांचा सलग तपासावा. काठावरचे पेपर शेवटी एकत्र पाहावेत आणि वाढवलेल्या प्रत्येक गुणाचे कारण समासात लिहावे. जे कारण लिहायला हात अडखळतो, तो गुण देऊ नये.

शिवाय दिलेला गुण पुढे कुठे वापरला जाईल हे शिक्षकाच्या हातात नसते. 2021 मध्ये करोनामुळे राज्य मंडळाची दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकालातले 100 पैकी 50 गुण नववीच्या निकालावरून धरले गेले. आदल्या वर्षी शाळेच्या चार भिंतींत दिलेले गुण अचानक दहावीच्या गुणपत्रकात आले. दहावीत अंतर्गत 20 गुण सढळ हाताने वाटले, तर त्याचा परिणाम थेट अकरावीच्या गुणवत्ता यादीवर होतो. तिथे मात्र एकाचा गुण दुसऱ्याची जागा घेतो.

सवलतीचे गुण ही वेगळी गोष्ट. ते लेखी नियमाने, पात्र ठरणाऱ्या प्रत्येकाला मिळतात आणि त्यांची नोंद राहते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्यांना मिळणारा जादा वेळही तसाच: मदत उत्तर लिहिण्याआधी मिळते, गुण उत्तराचेच राहतात.

आपल्या मुलाला 13 द्यावेत आणि पुनर्परीक्षा असेल तर तिच्यासाठी त्याला तयार करावे. चोरून दिलेले 14 त्याच्या अडचणीला हात लावत नाहीत. दहावीच्या बीजगणिताचे पहिलेच प्रकरण 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' आहे; जूनमध्ये तेच 3x = 12 फळ्यावर येणार. त्याला हवी आहेत मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे, रोज अशी चार-पाच समीकरणे आणि पहिल्या तासाऐवजी दुपारी ठेवलेली चाचणी. मागच्या बाकावरच्या मुलीलाही याच पंधरा मिनिटांत बोलावता येते. तिने काही सांगितले नाही तरी चालते.