दुकान बंद करताय? अर्जाआधी माल मोजून या

दर मार्चनंतर आमच्याकडे हमखास येणारा प्रश्न: "शटर खाली ओढलंय, आता जीएसटी नंबर बंद करून द्या." अर्ज आरईजी-१६ आम्ही आजही भरू शकतो. तरीही आधी शिल्लक मालाची यादी मागतो आणि काहीजण त्यावर नाराज होतात. कारण सांगतो.

नंबर रद्द होण्याच्या आदल्या दिवशी जो माल दुकानात असेल, त्याच्या खरेदीवर घेतलेलं क्रेडिट परत भरावं लागतं. त्या मालाच्या विक्रीवर लागणारा जीएसटी त्याहून जास्त निघाला, तर तो भरावा लागतो. माल गेल्यावर यादी करायला बसलं, की खरेदीची बिलं सापडत नाहीत आणि महिने जातात.

उदाहरणार्थ, रंगाचं दुकान. शिल्लक माल खरेदीभावाने दीड लाखाचा, १८ टक्क्यांनी क्रेडिट २७,००० रुपये. माल तसाच ठेवून नंबर रद्द केला, तर निदान एवढी रक्कम खिशातून किंवा क्रेडिट लेजरमधून जाते. त्याऐवजी १ लाख १० हजारांचा माल शेजारच्या व्यापाऱ्याला एक लाखाला, पक्क्या बिलाने विकला. त्यावरचा १८,००० कर तोच देतो आणि त्याला त्याचं क्रेडिटही मिळतं. तुमच्याकडे उरतो ४०,००० चा माल, म्हणजे ७,२०० रुपये. दहा हजार भावात सोडले, तरी हिशेब फायद्याचा. मेहुण्याला बिलाशिवाय माल दिला, तर मात्र यातलं काहीच धरता येत नाही. (कंपोझिशनवाल्यांनी क्रेडिट घेतलेलंच नसतं, त्यांचा हिशेब वेगळा.)

कंपनीला परत जाणारा माल नंबर चालू असतानाच पाठवा आणि क्रेडिट नोट हातात घ्या. पुरवठादारांकडून खातेउतारा घेऊन बाकी जुळवा. उधारीवाल्यांना आणि ऑर्डरचा ॲडव्हान्स दिलेल्यांना महिनाभर आधी कळवा. करंट खातं शेवटचा चेक वटेपर्यंत ठेवा. अनेकजण ते सगळ्यात आधी बंद करतात आणि मग येणं अडकतं.

रद्दीकरणाचा आदेश आला म्हणजे काम संपलं, असं नाही. तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हा अंतिम रिटर्नचा फॉर्म भरावा लागतो. चुकला, तर रोज २०० रुपये, कमाल १०,००० पर्यंत विलंब शुल्क. व्यवसाय कराचा नंबरही वेगळा रद्द करावा लागतो, नाहीतर वर्षाचे २,५०० रुपये लागतच राहतात.

फक्त वर्षभर थांबायचं असेल, तर जीएसटीत 'तात्पुरतं बंद' अशी सोय नाही. नंबर ठेवायचा, तर शून्य विक्रीचं रिटर्नही वेळेवर भरा. सलग सहा महिने चुकलं, तर विभाग स्वतःहून नंबर रद्द करू शकतो.

वह्या आणि बिलं रद्दीत घालू नका. त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ती ठेवावी लागतात.

मालमोजणीला आमचा माणूस दुकानात येतो, साधारण अर्धा दिवस लागतो. अर्ज, अंतिम रिटर्न आणि व्यवसाय कर यांची फी आम्ही एकत्रच सांगतो. शटर खाली ओढण्याच्या महिनाभर आधी फोन करा.