शेकडा दोन, पण कोणत्या रकमेवर?

तायांनो, मागच्या बैठकीत कर्जाचा हिशोब वाचला तेव्हा एकीने विचारलं होतं, "घेतले बारा हजार, मग भरायचे चौदा हजार आठशे ऐंशी कसे? व्याज तर शेकडा दोनच सांगितलं होतं." प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून आज थोडा वेळ त्यालाच देऊ. वह्या-पेन जवळ ठेवा, आकडे लिहून घेतले की सोपं जातं.

घेतल्यापेक्षा जास्त भरावं लागतं, कारण दुसऱ्याचे पैसे जितके दिवस आपल्याकडे असतात तितक्या दिवसांचं भाडं आपण देतो. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. गडबड पुढे होते. लग्नाला मांडववाल्याकडून शंभर ताटं आणली आणि दुसऱ्या दिवशी चाळीस परत केली, तर पुढचं भाडं साठ ताटांचंच लागेल ना? पैशाच्या बाबतीत मात्र दोन रीती चालतात. एकीत जेवढी बाकी उरली तेवढ्यावरच व्याज. दुसरीत निम्मं कर्ज फेडलं तरी व्याज पहिल्या पूर्ण रकमेवरच. या दुसरीला फ्लॅट व्याज म्हणतात. दोन्हीकडे तोंडाने सांगताना "शेकडा दोन" असंच सांगतात, म्हणून ऐकणारीला दोन्ही कर्जं सारखीच वाटतात.

आता आकडे घेऊ. एका ताईने शिलाई मशीनसाठी १२,००० रुपये घेतले. मुदत बारा महिने, व्याज महिन्याला शेकडा दोन.

आधी फ्लॅट रीत. १२,००० चे शेकडा दोन म्हणजे २४० रुपये. हे २४० दर महिन्याला, बाराही महिने. २४० गुणिले १२, झाले २,८८० रुपये. मुद्दल महिन्याला १,०००, त्यात २४० मिळवले की हप्ता १,२४० आणि एकूण भरणा १४,८८०. मागच्या बैठकीतला आकडा इथूनच आला. शेवटचा महिना बघा. ताईकडे तेव्हा फक्त १,००० रुपये शिल्लक आहेत, आणि त्या हजारावर ती २४० व्याज भरते आहे. त्या महिन्यापुरतं ते शेकडा चोवीस झालं.

आता घटत्या बाकीची रीत. पहिल्या महिन्यात बाकी १२,०००, व्याज २४०. हजार मुद्दल फेडलं, बाकी ११,०००, म्हणून दुसऱ्या महिन्याचं व्याज २२०. तिसऱ्याचं २००. असं दर महिन्याला वीस रुपयांनी उतरत जातं आणि बाराव्या महिन्यात फक्त २० रुपये उरतात. सगळ्यांची बेरीज १,५६०. एकूण भरणा १३,५६०. कर्ज तेच, मुदत तीच, दरही तोच सांगितलेला, तरी फरक १,३२० रुपयांचा. उलट बाजूने सांगायचं तर फ्लॅटचं शेकडा दोन हे घटत्या बाकीच्या हिशोबाने जवळपास शेकडा साडेतीन पडतं. म्हणून कोणी फ्लॅटने शेकडा दोन आणि कोणी घटत्या बाकीवर शेकडा अडीच सांगितलं, तर अडीचवालं कर्ज स्वस्त आहे, हे लक्षात ठेवा.

आता जिथे सर्वांत जास्त घोळ होतो तिथे येऊ. अनेकजणींना वाटतं, हप्ता दर महिन्याला सारखा असला म्हणजे व्याज फ्लॅट. तसं नाही. बँका आणि फायनान्स कंपन्या घटत्या बाकीवर व्याज लावूनही हप्ता एकसारखा ठेवतात. हेच १२,००० त्या रीतीने घेतले तर हप्ता साधारण १,१३५ येतो. पहिल्या हप्त्यात २४० व्याजाचे आणि ८९५ मुद्दलाचे. बाकी राहिली ११,१०५, तिचं व्याज २२२, म्हणून दुसऱ्या हप्त्यात ९१३ मुद्दलात जातात. हप्त्याचा आकडा हलत नाही, पण आत व्याज कमी होतं आणि मुद्दल वाढतं. वर्षभरात १३,६०० च्या थोडं वर भरले जातात. तेव्हा हप्त्याकडे बघून काही कळणार नाही. परतफेडीच्या तक्त्यात व्याजाचा रकाना बघायचा. तिथे दर महिन्याला तोच आकडा असेल तर फ्लॅट, खाली उतरत असेल तर घटत्या बाकीवर. आणि तक्त्यात व्याजाचा रकानाच नसेल तर तो मागून घ्यायचा. सूक्ष्म कर्ज देणाऱ्यांनी व्याज आणि सगळे आकार एका कागदावर लिहून द्यायचे आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत कर्ज कार्ड द्यायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. मागताना संकोच करू नका.

लवकर फेडण्याचा फायदाही रीतीवर ठरतो. सहा हप्ते झाल्यावर आपल्या ताईकडे भिशीचे पैसे आले असं धरा. घटत्या बाकीच्या रीतीत तिची बाकी ६,०००. सातव्या महिन्याचे १२० व्याज देऊन तिने सगळं फेडलं, तर पुढच्या पाच महिन्यांचे १००, ८०, ६०, ४० आणि २० असे ३०० रुपये वाचतात. फ्लॅटवाला मात्र आधीच ठरलेले पूर्ण २,८८० मागू शकतो, त्यामुळे कर्ज घेण्यापूर्वीच हे विचारून ठेवायचं. सूक्ष्म कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही, आणि हप्ता चुकला तर दंड थकलेल्या रकमेवरच लावायचा असतो, पूर्ण कर्जावर नाही.

हप्ता चुकण्याचंही सांगते. आपल्या गटात कधीकधी कोणी म्हणतं, "या महिन्यात फक्त व्याज घ्या." पहिल्याच महिन्यात २४० दिले आणि मुद्दल शून्य, तर बाकी १२,००० वरच थांबते आणि पुढच्या महिन्यात पुन्हा २४०. असे तीन महिने गेले तर ७२० रुपये जाऊनही कर्ज एका रुपयाने कमी होत नाही. अडचणीत असलेल्या बाईला पाचशे मुद्दल तरी भरायला सांगा, बाकी लगेच उतरते.

बाहेरच्या कर्जात आणखी एक गोष्ट तपासा. कागदावर १२,००० आणि प्रोसेसिंग फी, विमा कापून हातात ११,५०० आले, तरी व्याज १२,००० वरच लागतं. म्हणजे मशीन ११,५०० चं आलं आणि उरलेल्या पाचशेचंही व्याज आपण भरतो. तुलना करताना हातात आलेली रक्कम आणि एकूण भरणा, हे दोनच आकडे समोरासमोर लिहा.

आपल्या अंतर्गत कर्जाचं व्याज गटाच्याच निधीत जमा होतं, बाहेर जात नाही, हे खरं. पण म्हणून फ्लॅट चालेल असं मला वाटत नाही. जिला जास्त गरज आहे तीच जास्त कर्ज घेते, आणि निधी वाढवण्याचा भार मग तिच्यावरच पडतो. घटत्या बाकीवर व्याज घ्यायचं असेल तर तसा ठराव आजच्या इतिवृत्तात लिहू, आणि सचिवताईंनी कर्ज खतावणीत मुद्दल, व्याज आणि बाकी असे तीन रकाने वेगळे आखावेत. ज्यांच्याकडे कंपनीचं कर्ज कार्ड आहे त्यांनी ते पुढच्या बैठकीला आणा, व्याजाचा रकाना आपण एकत्र बसून बघू.